थोपटण्याच्या तालावर तीन अस्वले

रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. दुकानाचे शटर नुकतेच खाली आलेले असते, गल्ला मोजून झालेला असतो, आणि वरच्या मजल्यावर पाच वर्षांची नात अंथरुणावर पालथी पडून एक रंगीत पुस्तक उलगडत असते. घर बार्शीचे समजावे किंवा बारामतीचे. असे घर आज पुष्कळ पेठांतून सापडते. पुस्तक शाळेतून आलेले, इंग्रजी. ते वाचून दाखवायला आई आहे. पण निजवण्याचे काम पहिल्यापासून आजीचे, आणि आजीला इंग्रजी येत नाही. नातीला मराठी समजते. परंतु उत्तर देताना तिचे अर्धे वाक्य इंग्रजीत जाते, आणि मग आजी हळूहळू कमी बोलू लागते. एखाद्या घरातली भाषा अशीच थांबते. भांडण होत नाही, कोणी काही ठरवतही नाही. निजायच्या वेळी दोघींमध्ये बोलण्यासारखे काही उरत नाही, एवढेच.

पुस्तकातली गोष्ट तीन अस्वलांची आहे. आई एकेक ओळ वाचते आणि सासूबाईंसाठी तिचे मराठी करते: ‘कोणीतरी माझी लापशी खात होते, असे मोठे अस्वल म्हणाले.’ वाक्यात चूक एकही नाही. तरीही नात पुस्तक ओढून घेते आणि म्हणते, ‘असं नाहीये ते.’ तिचे म्हणणे खरे आहे. शब्द मराठीत आले, गोष्ट मात्र पुस्तकातच राहिली.

ती का राहिली हे पाहायचे, तर ही गोष्ट मुळात कशी घडली ते थोडे पाहावे लागते. इंग्लंडमध्ये एलिनॉर म्यूर या बाईंनी 1831 मध्ये आपल्या भाच्याच्या वाढदिवसासाठी ती पद्यात लिहिली, स्वतः चित्रे काढली आणि हाताने पुस्तक तयार केले. म्हणजे तिचा एक जुना लिखित नमुना घरातल्याच एका मुलासाठी घरातच झालेला आहे. पुढे 1837 मध्ये रॉबर्ट साउदी या कवीने ती गद्यात छापली. साउदीच्या गोष्टीत अस्वलांच्या घरात शिरते ती एक म्हातारी, आणि अस्वले आई-बाप-बाळ नसून तीन आकारांचे तीन सोबती आहेत. तिघांच्या बोलण्यासाठी साउदीने तीन वेगळ्या आकारांचा टाइप वापरला, म्हणजे वाचणाऱ्याचा आवाज आपोआप मोठा, मधला आणि बारीक व्हावा. म्हातारीच्या जागी लहान मुलगी आली ती 1850 मध्ये, जोसेफ कंडल याच्या पुस्तकात. अस्वलांचे कुटुंब आणि मुलीचे सोनेरी केस ठळक झाले ते आणखी नंतर.

यावरून रूपांतर करणाऱ्याला एक गोष्ट कळते. या कथेत पात्रे बदलली, नाती बदलली, नाव बदलले. न बदललेले असे दोनच घटक उरले. प्रत्येक गोष्ट तीनदा घडते, आणि तीन आवाज एकाखाली एक उतरत जातात. मराठीत आणायचे आहे ते हेच. सोनेरी केस इंग्रजीतच राहिले तरी बिघडत नाही.

आता आजीचा हात पाहावा. नातीला निजवताना तो तिच्या पाठीवर पडत असतो. आजीने छंदशास्त्र शिकलेले नाही, पण तिच्या तळहाताला मात्रा कळतात. इंग्रजी गोष्ट तालात चालते ती शब्दांवरच्या आघातामुळे; काही अक्षरे जोराने म्हणायची, बाकीची त्यांच्यामध्ये घाईने बसवायची. मराठीचा ताल असा चालत नाही. इथे ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराच्या आधी येऊन आघात घेणाऱ्या ऱ्हस्वाचीही दोन. म्हणून इंग्रजी ओळीचे शब्द जसेच्या तसे उचलले की थोपटणारा हात अडखळतो. रूपांतर फसल्याची पहिली खूण हीच. ओळ कागदावर कितीही बरी दिसो, पाठीवरची थाप चुकली तर ती ओळ टाकून द्यावी.

अस्वलांच्या तक्रारीची ओळ घेऊ. मूळ पदार्थ ओट आणि दूध यांची पेज आहे. तिला सर्वांत जवळचा शब्द लापशी. ‘कोणी माझी’ या दोन शब्दांत आठ मात्रा होतात. पुढेही आठच हव्यात. ‘लापशी चाखली’ म्हटले तर दहा होतात आणि हात घसरतो. ‘खीर चाखली’ म्हटले की खी दोन, र एक, चा दोन, ख एक, ली दोन; बरोबर आठ. थापा पडतात त्या को, मा, खी आणि चा या अक्षरांवर. म्हणून खीर. अर्थाने लापशी अधिक जवळ आहे हे कबूल; पण निजायच्या गोष्टीत अर्थ कानातून जातो, आणि गव्हाची खीर कोणत्याही मुलाला समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी तक्रार बैठकीची. मुळात खुर्ची आहे. ‘खुर्ची हलवली’ यात नऊ मात्रा होतात, ‘पाट हलवला’ यात आठ. पाटाचा तोटा असा, की तो बसका आहे. त्यावरून पडण्यात खुर्चीवरून पडण्याची गंमत नाही. शिवाय इंग्रजीत एक खुर्ची कठीण आणि एक मऊ आहे. पाट तर सगळेच कठीण. म्हणून मराठीत एक पाट उंच आणि एक रुंद करावा लागतो. ही तडजोड आहे, आणि कोणाला खुर्चीच हवी असेल तर त्याने ओळ नवी बांधावी. मात्र नऊ मात्रांत ती कोंबू नये. तिसरी तक्रार बिछान्याची, ती उशीवर आणली की सुटते: ‘उशी चेपली’. इथेही आठ. योगायोगाने तिन्ही ओळींचा उत्तरार्ध तीन अधिक पाच असाच तुटतो, त्यामुळे पहिली ओळ पाठ झाली की पुढच्या दोन मुलाच्या तोंडात आपोआप बसतात.

या ओळीत आणखी एक बदल नकळत झाला आहे. इंग्रजीत अस्वल प्रश्न विचारत नाही. कोणीतरी खाल्ले आहे असे ते सांगते. मराठीत ‘कोणी माझी खीर चाखली?’ हा सरळ प्रश्न होतो, आणि प्रश्न कानावर पडला की अंथरुणातले मूल गप्प राहू शकत नाही. ‘सोनीनं!’ असे ते ओरडते. अस्वलांना ठाऊक नाही ते त्याला ठाऊक असते. आणि हे उत्तर पूर्ण मराठी असते, ‘नं’ या प्रत्ययासकट. शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला जो प्रत्यय शिकवून येत नाही, तो असा उशीवर येतो.

साउदीला जे टाइपाने करावे लागले, त्यातले बरेचसे मराठीत भाषाच करते. इंग्रजीत तिन्ही अस्वलांच्या बोलण्याला एकच क्रियापद लागते. मराठीत बाबा म्हणाले, आई म्हणाली, बाळ म्हणालं. मराठी घरात आईला एकेरी आणि बाबांना आदरार्थी बोलतात, तेही यात तसेच उतरते. एरवी ‘अस्वल’ हा शब्द नपुंसकलिंगी. पण ‘अस्वलबाबा’ आणि ‘अस्वलआई’ असे जोडले की दोन्ही आठ मात्रांचे होतात आणि लिंगही ज्याचे त्याला मिळते. ‘अस्वलबाळ’ सात मात्रांचे आहे. शेवटचा ‘ळ’ थोडा रेंगाळला की आठवी भरून निघते. भांड्यांचेही तसेच. डबा आणि डबी, थैला आणि थैली, सुरा आणि सुरी हे जोड व्यापाऱ्याच्या घरात रोज बोलले जातात. आकारान्त मोठे, ईकारान्त लहान. त्याच न्यायाने वाडगा बाबांचा, वाटी आईची, वाटुकली बाळाची. इथे ‘मोठा’, ‘मधला’, ‘लहान’ ही विशेषणे लागतच नाहीत, आणि विशेषणे गेली की वाक्य हलके होते.

सर्वांत अवघड जागा मात्र दिसायला सर्वांत सोपी आहे. तिसऱ्या वाटीतली खीर मुलीला हवी तशी लागते, तेव्हा इंग्रजीत दोन छोट्या शब्दांचा एक ठेका येतो. त्याचे कोशातले मराठी ‘अगदी बरोबर’. पण मराठी मुलाच्या कानाला ‘बरोबर’ म्हणजे पाटीवरची खूण. उत्तर बरोबर असते, हिशेब बरोबर असतो, खीर बरोबर नसते. घास तोंडात गेल्यावर मराठी मूल म्हणते, ‘अश्शी हवी!’ त्यातला दुहेरी ‘श’ हाच त्या वाक्याचा सगळा आनंद आहे. खिरीला अश्शी, पाटाला अस्सा, उशीला पुन्हा अश्शी. लिंग बदलते, ठेका राहतो.

सात-आठ वर्षांचे भावंड शेजारी निजत असेल तर ते इथे एक शंका काढते. लहान भांडे आधी निवायला हवे. मग मधल्या वाटीतली खीर गार आणि वाटुकलीतली कोमट, हे कसे? शंका रास्त आहे, आणि मूळ गोष्टीत तिचे उत्तर नाही. पुढच्या रूपांतरात आईने आधी वाटी भरली, मग वाटुकली आणि शेवटी वाडगा, एवढे एक वाक्य घातले आहे. आधी भरले ते आधी निवाले. लहानग्याला हे कळले नाही तरी चालते. थोरल्याचे समाधान होते आणि गोष्ट मध्येच थांबत नाही.

शेवटाकडे येताना इंग्रजी गोष्ट निजवण्याच्या कामाला उलटी पडते. म्हातारी असो वा मुलगी, ती दचकून उठते, खिडकीतून उडी टाकते आणि गोष्ट संपते. दिवसा हा शेवट झकास आहे. रात्री मात्र मूल उठून बसते, आणि पुढे काय झाले हे विचारत साडेदहा वाजवते. शिवाय बाळाची वाटुकली रिकामीच राहते आणि पाट मोडलेलाच. खिडकीतून पळाल्याने ते खाते मिटत नाही. आणि लहान मुलाला ते लगेच कळते. ‘मग बाळाने काय खाल्लं?’ हा प्रश्न त्याच्याकडून हमखास येतो. या प्रश्नाला उपदेशाने उत्तर दिले तर ताल मोडतो. उत्तर गोष्टीतच घडावे लागते, आणि त्याच मापाच्या वाक्यांत. ज्या कथेत म्हातारीची मुलगी झाली, तिच्यात मुलीने खिडकीऐवजी दाराने बाहेर पडावे, एवढा बदल काही मोठा नाही.

साउदीची एक जागा मात्र जपण्यासारखी आहे. झोपलेल्या म्हातारीला थोरल्या अस्वलाचा आवाज वाऱ्या-गडगडाटासारखा वाटतो, मधल्याचा स्वप्नात कोणी बोलल्यासारखा, आणि दोन्हींनी तिची झोप मोडत नाही. जाग येते ती सर्वांत लहान आवाजाने. त्याचा तो आवाज चिरका आहे. सांगणाऱ्याने मराठीत तो चिरका न करता कुजबुजता करावा. मग प्रत्येक फेरीत आवाज वरून खाली येतो, आणि ज्या कुजबुजीने सोनी जागी होते तिनेच ऐकणारे मूल पेंगू लागते.

सांगण्याच्या दोन-तीन गोष्टी. गोष्टीची भाषा बोलीची ठेवली आहे, ‘बसले’ऐवजी ‘बसलं’. छापील रूपे इथे कानाला टोचतात. बाबांची ओळ पूर्ण आवाजात, पण फक्त पहिल्या फेरीत. तिसऱ्या फेरीत बाबांनीही हळूच बोलावे, कारण ते आता निजायच्या खोलीत आले आहेत. अस्वले परतल्यानंतर थाप हळूहळू विरळ करावी. मूल ओळ आधीच म्हणून टाकू लागले तर ती त्याला म्हणू द्यावी आणि आजीने पुढची घ्यावी. सावकाश सांगितली तर गोष्टीला सात-आठ मिनिटे लागतात. पहिल्या रात्री ती फसली तर शब्द बदलण्याची घाई करू नये. बहुधा वेग जास्त झालेला असतो.

आणि ही ती गोष्ट.

एक होतं रान. रानात होतं घर.
घरात राहायची अस्वलं. किती? एक, दोन, तीन.
अस्वलबाबा मोठ्ठे मोठ्ठे. अस्वलआई बेताची. अस्वलबाळ एवढंसं.

बाबांचा वाडगा, आईची वाटी, बाळाची वाटुकली.
बाबांचा पाट उंच उंच. आईचा पाट रुंद रुंद. बाळाचा पाट छोटुकला.
बाबांची उशी टणक टणक. आईची उशी मऊ मऊ. बाळाची उशी इवलीशी.

एकदा आईनं खीर केली. गव्हाची खीर, गुळाची खीर.
आधी भरली वाटी. मग भरली वाटुकली. शेवटी भरला वाडगा.
“निवू दे खीर,” आई म्हणाली. “तोवर येऊ फिरून.”
निघाली तिघं. धप धप बाबा. ठप ठप आई. टुण टुण बाळ.

तिकडून आली सोनी.
दार होतं लोटलेलं. “कुणी आहे का?” कुणी नाही.
“येऊ का आत?” उत्तर नाही.
उत्तर नाही, तरी सोनी आत गेली.

वाडग्यातली खीर चाखली. हुश्श! कढत कढत!
वाटीतली खीर चाखली. ई! गारेगार!
वाटुकलीतली खीर चाखली. अहा! अश्शी हवी!
एक घास, दोन घास, तीन घास. संपली की!

बाबांच्या पाटावर बसली. छे! फार उंच!
आईच्या पाटावर बसली. छे! फार रुंद!
बाळाच्या पाटावर बसली. अहा! अस्सा हवा!
इकडे डुलली, तिकडे डुलली. कट्ट! मोडला की!

बाबांच्या उशीवर डोकं टेकलं. नको बाई, टणक टणक!
आईच्या उशीवर डोकं टेकलं. नको बाई, बुडले बुडले!
बाळाच्या उशीवर डोकं टेकलं. अहा! अश्शी हवी!
एक जांभई, दोन जांभया, तीन जांभया. झोपली की!

कोण आलं? कोण आलं?
धप धप बाबा. ठप ठप आई. टुण टुण बाळ.

अस्वलबाबा म्हणाले, “कोणी माझी खीर चाखली?”
अस्वलआई म्हणाली, “कोणी माझी खीर चाखली?”
अस्वलबाळ म्हणालं, “कोणी माझी खीर चाखली? चाखली चाखली, संपली की!”

अस्वलबाबा म्हणाले, “कोणी माझा पाट हलवला?”
अस्वलआई म्हणाली, “कोणी माझा पाट हलवला?”
अस्वलबाळ म्हणालं, “कोणी माझा पाट हलवला? हलवला हलवला, मोडला की!”

हळूच गेली आतल्या खोलीत. धप धप बाबा. ठप ठप आई. टुण टुण बाळ.

अस्वलबाबा म्हणाले, “कोणी माझी उशी चेपली?”
सोनीला वाटलं, ढग बोलला. सोनी झोपलेलीच.
अस्वलआई म्हणाली, “कोणी माझी उशी चेपली?”
सोनीला वाटलं, स्वप्न बोललं. सोनी झोपलेलीच.
अस्वलबाळ म्हणालं, अगदी हळू, “कोणी माझी उशी चेपली? चेपली चेपली, इथेच की!”

सोनीनं डोळे उघडले.
समोर कोण? एक, दोन, तीन.
सोनी उठली. सोनी उभी राहिली.
“विचारलं नाही, खाल्ली मी. विचारलं नाही, बसले मी. विचारलं नाही, झोपले मी.”
बाळ पाहतं वाटुकलीकडे. सोनी पाहते वाटुकलीकडे.
रिकामी वाटुकली.

आईनं काय केलं? वाडग्यातली घेतली थोडी. वाटीतली घेतली थोडी.
वाटुकली भरली.
बाबांनी काय केलं? आणला खिळा, आणला हातोडा.
सोनीनं पाट धरला. बाबांनी खिळा ठोकला. ठक. ठक. ठक.
बाळ बसलं पाटावर. इकडे डुललं, तिकडे डुललं. पाट काही मोडला नाही.
“अस्सा हवा,” बाळ म्हणालं.

दिवस उतरला. ऊन गेलं.
सोनीला पोचवायला कोण गेलं? धप धप बाबा.
रानाच्या कडेला सोनीचं घर. दारात सोनीची आई.
“उद्या येऊ का?” सोनीनं विचारलं.
“ये,” बाबा म्हणाले.

मग झाली रात्र.
बाबांची उशी टणक टणक. बाबा झोपले.
आईची उशी मऊ मऊ. आई झोपली.
बाळाची उशी इवलीशी. बाळ झोपलं.
तिकडे सोनी, आईच्या कुशीत. सोनी झोपली.
वाडगा झोपला.
वाटी झोपली.
वाटुकली झोपली.
रान झोपलं.